बारावा पाय

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं पोर सगळ्यात आधी कशाच्या मागे लागत असेल, तर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या. एक एलईडी, सेकंदाला एकदा पेटणारा आणि विझणारा. जगाच्या व्यवहारात या वस्तूचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या उजेडात वाचता येत नाही, वाट दिसत नाही, कुणी दारात उभं राहिलं तर त्याचा चेहराही ओळखू येत नाही. तो नुसता 'आहे', 'नाही', 'आहे', 'नाही' असं म्हणत राहतो. पण तो पहिल्यांदा लुकलुकतो तेव्हा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पुढे मोठमोठी यंत्रं चालू करतानाही उमटत नाही, हे मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत बसून पुष्कळदा पाहिलं आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र जरा चमत्कारिक दिवा आला. तो लुकलुकायचा, अगदी नियमित लुकलुकायचा, पण ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून ठेवला तरच. प्रोब काढला की मुका. जणू बघणारं कुणी असेल तरच गाईन, असा त्याचा करार होता.

मुलगा अबोल, अक्षर सुवाच्य, आणि अक्षरासारखंच वायरिंगही. ब्रेडबोर्डवर त्याच्या वायरी अंगाबरोबर कापलेल्या, काटकोनात वळवलेल्या असत. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून त्याने सामान आणलं होतं: सीडी ४०६० ही सोळा पायांची आयसी, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, लाल एलईडी, त्याच्या जोडीचा एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. या आयसीचं काम मला फार आवडतं. तिच्या पोटात एक आंदोलक असतो, म्हणजे स्वतःशीच डोलणारं एक सर्किट. २७ हजार ओहमचा रेझिस्टर आणि एक हजार पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, की तो सेकंदाला सुमारे सोळा हजार वेळा डोलतो. मग पुढे चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरी आलेला वेग निम्मा करून खाली देते. सोळा हजारांचे आठ, आठाचे चार, असं करत चौदाव्या पायरीवर, म्हणजे तिसऱ्या पायावर, सेकंदाला जेमतेम एक ठोका शिल्लक राहतो. माणसाच्या डोळ्याला झेपेल इतकी घाई कमी करत आणणारी ही आयसी आहे. आमच्या धावपळीच्या गावात अशी एखादी नगरपालिकेने चौकाचौकात बसवावी असं मला कधीकधी वाटतं.

तर त्याने सगळं जोडलं, बॅटरी लावली, आणि काही झालं नाही. एलईडी उलटा लावला असेल म्हणून उलटून पाहिला. बॅटरी मीटरवर तपासली, नऊला थोडी कमी, पण ठणठणीत होती. मग त्याने कोपऱ्यातला जुना सीआरओ ओढून आणला. नव्या पडद्यांचे डीएसओ आले तरी आमच्याकडे तो हिरव्या रेषेचा म्हातारा अजून चालू आहे, आणि मुलं त्याला सीआरओ याच नावाने हाक मारतात. त्याने प्रोबची काळी क्लिप बॅटरीच्या ऋण टोकाला अडकवली आणि प्रोबच्या टोकाने एकेका पायाची विचारपूस सुरू केली. तिसऱ्या पायावर सपाट रेषा. नवव्यावर सपाट. आंदोलकच डोलत नव्हता. दहा, अकरा, तिथेही शुकशुकाट. बाराव्या पायाला टोक लागलं, पडद्यावर रेषा शून्यावर स्थिर राहिली, आणि साधारण अर्ध्या सेकंदाने समोरचा लाल दिवा पेटला. विझला. पुन्हा पेटला. मुलाने हात हलवला नाही. त्या वेळी तो कसा उभा होता ते मला अजून दिसतं: खांद्यावर बसलेलं फुलपाखरू उडू नये म्हणून माणूस जसा उभा राहील तसा.

प्रोब काढल्यावर दिवा लगेच थांबला नाही. एकदोनदा लुकलुकला आणि मग विझला तो विझलाच. पुन्हा टोक लावलं, अर्धा सेकंद गेला, दिवा सुरू. त्या संध्याकाळी त्याने हे किती वेळा केलं कोण जाणे. प्रयोगशाळेला कुलूप लावायला आलेले मामा शेवटी बाकावर टेकले आणि बघत बसले. मामांना ओहम आणि फॅरड ठाऊक नाहीत, पण यंत्रांचे स्वभाव ठाऊक आहेत. ते म्हणाले, "लाव की तसाच. चालतंय ना?" मुलाला हे पटण्याच्या बेतात होतं. सबमिशन चार दिवसांवर आलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला अत्यंत गंभीरपणे विचारलं, "सर, सामानाच्या यादीत सीआरओ एक नग असं लिहिलं तर चालेल का?" यादीत वर दोन रुपयांचा एलईडी, मध्ये वीसेक रुपयांची आयसी, आणि तळाशी दोन्ही हातांनी उचलावा लागणारा, काही हजारांचा सीआरओ. कल्पना मला मोहक वाटली. घराघरांत लुकलुकत्या दिव्यामागे एकेक सीआरओ उभा आहे असं चित्र क्षणभर डोळ्यांपुढून गेलं. पण टर्मवर्कचे नियम कल्पनेच्या मोहकपणाला गुण देत नाहीत.

"बाराव्या पायावर काय दिसतं?" मी विचारलं.

"शून्य, सर. मी स्वतः बघितलं. दरवेळी शून्यच."

"आणि बघत नसतोस तेव्हा?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग जपून म्हणाला, "सर, हा हायझेनबर्ग आहे का?"

शहाण्या मुलांना हायझेनबर्ग फार लवकर भेटतो. मी त्याला म्हटलं, अरे, एवढ्याशा कामाला त्या माणसाला कशाला उठवतोस? त्याचं अनिश्चिततेचं तत्त्व १९२७ चं. आपलं काम त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी भागलेलं आहे, कारण ओहमचं पुस्तक १८२७ चं. विजेचा दाब, प्रवाह आणि विरोध यांचा हिशोब तो मांडून गेलाय, तेवढा पुरेल. मुलगा जरा हिरमुसला. आपला घोटाळा विश्वाच्या मुळाशी पोचलेला आहे असं वाटण्यात एक प्रतिष्ठा असते. तो नुसता एका रेझिस्टरचा आहे म्हटल्यावर ती जाते.

यंत्राने मोजायला गेलं की मोजायची गोष्ट थोडी बदलते, हे आम्ही शिकलो ते मात्र उलट्या बाजूने. आमच्या वेळी काट्याचे मल्टिमीटर होते, बेकलाईटच्या काळ्या पेटीतले. काट्याखाली आरशाची पट्टी असायची. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एक झालं की डोळा बरोबर जागी आला असं समजायचं. बाई आम्हांला दहा दहा लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावायला सांगत, नऊ व्होल्ट देत आणि मधला दाब मोजायला सांगत. कागदावर उत्तर साडेचार. काटा मात्र सव्वाच्या किंचित पुढे जाऊन थांबायचा. कारण दहा व्होल्टच्या टप्प्यावर ते मीटर स्वतःच दोन लाख ओहमचं होतं. खालच्या रेझिस्टरशेजारी पाचपट सोपी वाट उघडून ते निवांत बसायचं, आणि जे मोजायला आलं ते आधी पिऊन मग उरलेलं सांगायचं. त्या दिवसापासून आमच्या मनात मोजणारं यंत्र म्हणजे घेणारं यंत्र अशी खूणगाठ बसली. चांगलं यंत्र कोणतं, तर जे कमीत कमी घेतं ते. या मुलाच्या दिव्याने ती खूणगाठ सैल केली. इथे सीआरओ घेत नव्हता, देत होता. काय देत होता, एवढंच शोधायचं होतं.

प्रोब लावतो तेव्हा आपण सर्किटला तीन गोष्टी नेऊन देतो. एक, काळ्या क्लिपची जमीन. दोन, टोकापासून त्या जमिनीपर्यंतचा रेझिस्टर: दहापट प्रोबमध्ये नव्वद लाख ओहम टोकाजवळ आणि दहा लाख सीआरओच्या पोटात, मिळून एक कोटी, म्हणजे १० मेगओहम. आणि तीन, टोकाची स्वतःची दहा-पंधरा पिकोफॅरडची बारीकशी धारिता. तिघांपैकी दिवा कुणामुळे पेटतो हे वादाने ठरत नाही. एकेकाला एकटं पाठवावं लागतं.

क्लिपचा निकाल आधीच लागलेला होता. क्लिप तशीच ठेवून नुसतं टोक उचललं तरी दिवा विझत होता, म्हणजे जमीन तुटलेली नव्हती. ही तपासणी सोपी आहे, पण ती सोडता कामा नये, कारण असल्या गोष्टींत अनेकदा दोषी जमीनच निघते. कितीतरी लांब ब्रेडबोर्डांवर कडेची पट्टी मध्येच तुटलेली असते, वरच्या अर्ध्याला खालच्याची खबर नसते, आणि क्लिप किंवा मीटरची वायर नकळत तो खंड भरून काढते. तसं असेल तर प्रोबचं टोक हवेत लटकत ठेवूनही सर्किट चालायला हवं. इथे चालत नव्हतं.

मग कपॅसिटर. ड्रॉवरमध्ये २२ पिकोफॅरडची चकती सापडली, ती बाराव्या पायापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत लावली. दिवा पेटला नाही. पण प्रोब एकदा टेकवून काढला, तर या वेळी एकदोन लुकलुकींऐवजी आठ-दहा लुकलुकी झाल्या आणि मग तो विझला. मुलाने हे वहीत लिहून ठेवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं, पण हात बरोबर जागी गेला होता.

शेवटी रेझिस्टर. तपकिरी, काळा आणि निळा असे पट्टे असलेला १० मेगओहमचा एक रेझिस्टर निघाला. तोही बाराव्या पायापासून जमिनीपर्यंत. सीआरओ बंद केला, त्याचा प्रोब गुंडाळून बाजूला ठेवला. अर्धा सेकंद. दिवा पेटला आणि लुकलुकत राहिला. दोन्ही हातांनी उचलायच्या यंत्राचं सगळं काम तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या त्या वस्तूने हातात घेतलं होतं. मधे मुलाने आपलं बोटही बाराव्या पायावर ठेवून पाहिलं होतं. त्याने काही झालं नव्हतं, दिवा गप्पच. आपल्या अंगात भोवतालच्या वायरिंगचा पन्नास हर्ट्‌झचा गुंजारव सतत भरलेला असतो. बोट लावलं की तो त्या पायाला सेकंदाला पन्नासदा 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणून सांगतो, आणि दिवा पेटायला तर अर्धा सेकंद सलग मोजावं लागतं. माणसाच्या स्पर्शापेक्षा यंत्राचा स्पर्श तिथे जास्त शांत होता, हे कबूल करायला मला जरा वेळ लागला.

बारावा पाय म्हणजे रीसेट. त्यावर दाब चढला की ही आयसी मोजलेलं सगळं विसरते आणि आंदोलकही थांबवते. दाब शून्य असेल तर आपलं काम करत राहते. म्हणून साधा दिवा करायचा असेल तर बारावा पाय एका वायरीने आठव्याशी, म्हणजे जमिनीशी बांधून टाकायचा असतो. या मुलाच्या बोर्डावर तो कशालाच बांधलेला नव्हता. हवेत होता. आणि या जातीच्या आयसींमध्ये हवेत असणं म्हणजे शून्यावर असणं नव्हे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६८ मध्ये चार हजारांच्या मालिकेतल्या या सीमॉस आयसी बाजारात आणल्या. त्यांच्या प्रत्येक आत जाणाऱ्या पायापुढे वाळूच्याच वंशातला, काचेसारखा एक अतिपातळ पडदा असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. म्हणून पायाला ऐकण्यासाठी काही खर्च करावं लागत नाही. आणि म्हणूनच, कुणी काही सांगितलं नाही तर तो मिळेल ते ऐकत बसतो. शेजारच्या पायाची कुजबुज, छतावरचा पंखा, जवळून गेलेला नायलॉनचा सदरा.

त्या पायाजवळ विजेचा साठा तरी केवढा? धारिता पाचेक पिकोफॅरडची. त्यात आयसीच्या पोटातून पाझरणारा प्रवाह एका अँपिअरच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपास, ज्याला प्रवाह म्हणणं म्हणजे दवबिंदूला ओढा म्हणण्यासारखं आहे. पण भांडंच इतकं इवलं, की तेवढ्यानेही दाब सेकंदाला दोनेक व्होल्टने चढतो आणि दोन-तीन सेकंदांत बॅटरीच्या निम्म्यावर, म्हणजे जिथे 'शून्य' संपून 'चढला' सुरू होतं तिथे पोचतो. आयसी सगळं विसरते. प्रोब काढल्यावरच्या त्या एकदोन लुकलुकी म्हणजे एवढा वेळ. २२ पिकोफॅरड लावल्यावर भांडं मोठं झालं, भरायला वेळ लागला, म्हणून लुकलुकी वाढल्या. मुलाच्या दोन रेघा इथल्या. आणि १० मेगओहम लावले, की तोच पाझर त्यांतून वाहून जाताना दाब चढतो फक्त एक दशांश मिलिव्होल्ट. पाय शून्यावर राहतो, निर्धास्त. आपल्याला एक कोटी ओहम म्हणजे बंद दरवाजा वाटतो. त्या पायाला तो सताड उघडा वाटत होता.

आजी तान्ह्याला थोपटून निजवते ना, तसं ते होतं. हात अंगावर आहे तोवर श्वास संथ. मग ती एकेक बोट सोडवत हात काढते. दोन श्वास ते तसंच शांत असतं, घरातले सगळे ओठांवर बोट ठेवून उभे, आणि तिसऱ्या श्वासाला ते डोळे उघडतं. हाताचं वजन किती होतं हा प्रश्न तिथे येत नाही. हात होता की नव्हता, एवढंच.

पण माझ्या मनात जे घर करून राहिलं ते निराळंच. मुलगा म्हणाला होता, बाराव्या पायावर शून्य आहे, मी स्वतः बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने शंभरदा बघितलं असतं तरी शंभर वेळा शून्यच दिसलं असतं. बघायला जाणाऱ्या प्रोबनेच तो पाय शून्यावर आणून ठेवला होता. मल्टिमीटर लावला असता तर त्यानेही शून्यच दाखवलं असतं, कारण आजच्या आकड्यांच्या मीटरची आतली वाटही बहुधा १० मेगओहमचीच असते. आणि दाखवता दाखवता त्यानेही दिवा चालू करून दिला असता. साहेब तपासणीला येतात तेव्हा कचेरीत सगळे जागेवर असतात, आणि अहवालात 'सर्व उपस्थित' असं अगदी खरं लिहिलं जातं, त्यातलाच हा प्रकार. मग बाराव्या पायाला गाठायचं कसं? त्याच्याकडे न बघता. नवव्या पायावर प्रोब ठेवला, तर तिथून बाहेर येणारा दाब भक्कम असतो, १० मेगओहमचं त्याला काही वाटत नाही. तिथे आंदोलन नाही असं दिसलं, तिसऱ्यावर ठोका नाही असं दिसलं, की आतला हिशोब सांगतो: रीसेट चढलेला आहे. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला सोडून शेजाऱ्यांकडे चौकशी करायची. लग्न जमवणाऱ्या आमच्या मावश्यांना ही पद्धत कुठल्याही डेटाशीटशिवाय अवगत होती.

वायर राहिली कशी, तर तिची गोष्ट छोटीशी आहे. त्याने सर्किट वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलवरून घेतलं होतं, आणि ते जर्नल आणखी वरच्या कुणाच्या झेरॉक्सवरून आलेलं. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत कागदाच्या कडेची एक बारीक रेघ पुसट झाली आणि एका वर्षी नाहीशीच झाली. बाराव्या पायापुढे पांढरा कागद उरला. विशेष म्हणजे त्याच वर्गात आणखी दोघांनी तेच सर्किट, तीच वायर न लावता केलं होतं आणि त्यांचे दिवे निर्वेध लुकलुकत होते. हवेतल्या पायाला नियम नसतो. एखाद्या बोर्डावर पाझर वरच्या दिशेला असतो, एखाद्यावर खालच्या. त्या दोघांचं नशीब खालच्या दिशेचं होतं. चुकीचं सर्किट चाललं म्हणून त्यांना कधी काही कळलं नाही. याचं चाललं नाही, म्हणून त्याच्या वहीत तीन पानं भरली.

मी सांगितलं, आता तो रेझिस्टर काढ आणि सरळ वायर टाक. त्याने मान डोलावली, पण रेझिस्टर काढला नाही. वायर टाकली की सगळं संपतं, असं काहीसं त्याच्या मनात असावं. सबमिशनच्या यादीत नवव्या ओळीत त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रेझिस्टर, १० मेगओहम, एक नग (सीआरओऐवजी).' मी सही करताना ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. काही ओळी दुरुस्त करणाऱ्याच्या नसतात.

ओरलच्या दिवशी एक्स्टर्नल आले ते अनुभवी, मितभाषी, हातातल्या पेनाने टेबलावर हळूच ठेका धरणारे. दुपारच्या जेवणानंतरची वेळ. त्यांनी यादीवरून नजर फिरवली, नवव्या ओळीवर थांबवली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "सीआरओऐवजी म्हणजे?" त्याने सांगितलं. इतका अबोल मुलगा, पण त्याने क्लिपपासून चकतीपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, बोटाचा गुंजारवही वगळला नाही, आणि जाता जाता हायझेनबर्गची गरज नसल्याचंही नमूद केलं. एक्स्टर्नल बोर्डावर वाकले. दिवा लुकलुकत होता.

"काढ बरं तो रेझिस्टर," ते म्हणाले.

मुलाने चिमट्याने रेझिस्टर अलगद उपटला. आम्ही तिघंही दिव्याकडे बघत राहिलो. एकदा लुकलुकला. दोनदा. पाच वेळा. दहा वेळा. विझायचं नावच घेईना. त्या दिवशी, त्या हवेत, तीन माणसं एवढी जवळ वाकलेली असताना बाराव्या पायाला काय वाटलं ते त्याचं त्याला ठाऊक. मामासुद्धा दारातून पुढे आले. एक्स्टर्नलचा पेनाचा ठेका थांबला. मग तो दिव्याच्या ठेक्यात पुन्हा सुरू झाला, मला वाटतं त्यांच्याही नकळत.

"चालतंय की," ते म्हणाले. "मग लावलास कशाला?"

मुलगा जरा घुटमळला. मग अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही गेलात की बंद पडेल."

एक्स्टर्नलनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर अजून अकरा मुलं रांगेत होती. त्यांनी मामांना खूण करून चहा मागवला आणि स्टूल ओढून बोर्डासमोर बसले.